संयुक्त धारणा आणि सामाईक धारणा : सहमालकाच्या मृत्यूनंतर त्याच्या हिश्शाचे काय होते?

गोषवारा

एकाच स्थावर मालमत्तेचे दोन किंवा अधिक मालक असल्यास त्यांच्यापैकी एकाच्या मृत्यूनंतर त्याचा हक्क कोणाकडे जातो, या प्रश्नाचे उत्तर सहमालकीच्या स्वरूपावर अवलंबून असते. संयुक्त धारणेत मृताचा हक्क हयात सहमालकाकडे आपोआप एकवटतो. सामाईक धारणेत तो मृताच्या वारसांकडे अथवा मृत्युपत्राने नेमलेल्या व्यक्तीकडे जातो. प्रस्तुत लेखात इंग्लंडच्या कायद्यातील या दोन प्रकारांचे स्वरूप स्पष्ट करून, भारतात, विशेषतः महाराष्ट्रात पती-पत्नीच्या नावे घेतलेल्या सदनिकेच्या बाबतीत कोणता नियम लागू होतो याचे एका उदाहरणाच्या आधारे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : सहमालकी, संयुक्त धारणा, सामाईक धारणा, उत्तरजीवित्व, वारसा, नामनिर्देशन.

१. प्रस्तावना

शहरात सदनिका घेताना करारनाम्यावर पती आणि पत्नी अशी दोघांची नावे घालण्याची पद्धत आता सर्वत्र रूढ झाली आहे. त्यामागे बहुतेकांची एक समजूत असते. दोघांची नावे आहेत, तेव्हा एकाच्या पश्चात घर आपोआप दुसऱ्याचे होईल, असे गृहीत धरले जाते. या समजुतीमुळे मृत्युपत्र करण्याचे राहून जाते. पुढे घर विकण्याची वेळ आली की खरेदीदाराचा वकील इतर वारसांच्या सह्या मागतो, आणि ज्या घरात आयुष्य गेले त्या घराचे आपण एकटे मालक नाही हे हयात जोडीदाराला तेव्हा प्रथमच कळते.

ही समजूत निराधार असली तरी ती कोठून आली हे समजण्याजोगे आहे. इंग्लंडच्या कायद्यात सहमालकीचा एक प्रकार असा आहे की, ज्यात नेमके असेच घडते. त्याला तेथे जॉइंट टेनन्सी म्हणतात. दुसऱ्या प्रकाराला टेनन्सी इन कॉमन असे नाव आहे. येथे ‘टेनन्सी’ या शब्दाचा कूळ किंवा भाडेकरू यांच्याशी संबंध नाही; जमीन धारण करणे या जुन्या अर्थाने तो आला आहे. म्हणून या लेखात पहिल्या प्रकारासाठी ‘संयुक्त धारणा’ आणि दुसऱ्यासाठी ‘सामाईक धारणा’ या संज्ञा वापरल्या आहेत. हयात सहमालकाला मृताचा हक्क मिळण्याच्या तत्त्वास ‘उत्तरजीवित्व’ असे म्हटले आहे.

२. दोन प्रकारांतील मूलभूत भेद

संयुक्त धारणेत कोणाचाही निराळा हिस्सा नसतो. अ आणि ब हे दोघे संयुक्त धारक असतील, तर अ निम्म्याचा आणि ब निम्म्याचा मालक आहे असे म्हणता येत नाही. दोघे मिळून एकच मालक मानले जातात आणि प्रत्येकजण संपूर्ण मालमत्तेचा धारक असतो. अ मरण पावल्यावर त्याच्याकडून ब कडे काही ‘जात’ नाही; मालकांपैकी एक कमी होतो एवढेच. अ चा हिस्सा मुळात नसल्यामुळे त्याच्या वारसांना मागण्यासारखे काही उरत नाही, आणि अ ने मृत्युपत्र करून ‘माझा अर्धा भाग माझ्या भावास द्यावा’ असे लिहिले असले तरी ते निष्फळ ठरते. मृत्युपत्र मृत्यूनंतर बोलू लागते, आणि उत्तरजीवित्व मृत्यूच्या क्षणीच आपले काम पुरे करते.

अशी धारणा अस्तित्वात येण्यासाठी चार गोष्टींत ऐक्य असावे लागते. सर्वांचा ताबा संपूर्ण मालमत्तेवर असावा, सर्वांचा हक्क समान स्वरूपाचा असावा, तो एकाच दस्तऐवजातून मिळालेला असावा आणि एकाच वेळी मिळालेला असावा. यांपैकी केवळ ताब्याचे ऐक्य सामाईक धारणेत आवश्यक असते.

सामाईक धारणेत प्रत्येकाचा हिस्सा स्वतंत्र व निश्चित असतो, मात्र तो जागेवर वेगळा काढून दाखवलेला नसतो. एकाचा तीन-पंचमांश व दुसऱ्याचा दोन-पंचमांश असे हिस्से विषमही असू शकतात. दोघांचाही ताबा सर्व खोल्यांवर असतो. अमुक खोली माझी असे वाटप होईपर्यंत म्हणता येत नाही. हा हिस्सा धारकाच्या इतर मालमत्तेप्रमाणेच त्याच्या संपत्तीचा भाग असतो. तो विकता येतो, मृत्युपत्राने देता येतो, आणि मृत्युपत्र नसल्यास वारसांकडे जातो.

३. इंग्लंडमधील व्यवस्था आणि संयुक्त धारणा मोडण्याचा मार्ग

इंग्लंड व वेल्समध्ये १९२५ च्या मालमत्ताविषयक अधिनियमाने या दोन प्रकारांची एक विशिष्ट सांगड घातली. जमिनीची कायदेशीर मालकी जास्तीत जास्त चार व्यक्तींच्या नावे राहते व ती नेहमी संयुक्त धारणाच असते. परंतु त्या मालकीमागील लाभाचा हक्क, म्हणजे विक्रीची रक्कम खऱ्या अर्थाने कोणाची हा प्रश्न, संयुक्त किंवा सामाईक अशा कोणत्याही स्वरूपाचा असू शकतो. हस्तांतरणाच्या विहित अर्जातच खरेदीदारांना तीन पर्याय दिलेले असतात : संयुक्त धारक, समान हिश्शांचे सामाईक धारक, अथवा अन्य प्रमाणातील सामाईक धारक. सामाईक धारणा असल्यास भूनोंदणीच्या दप्तरात सहसा असे निर्बंध नोंदले जातात की, एकट्या उरलेल्या धारकाने केलेली विक्री सामान्यतः नोंदली जाऊ नये. त्या नोंदीवरून त्रयस्थालाही धारणेचा प्रकार ओळखता येतो.

संयुक्त धारणा हयातीत मोडता येते. त्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे त्याच अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे दुसऱ्या धारकास लेखी सूचना देणे. त्यास दुसऱ्याची संमती लागत नाही. सूचना दिल्यावर दोघे समान हिश्शांचे सामाईक धारक होतात आणि उत्तरजीवित्व संपते.

ही सूचना किती काटेकोरपणे पाहिली जाते हे किंच विरुद्ध बुलार्ड या १९९८ मधील निर्णयावरून दिसते. एका दुर्धर आजाराने ग्रस्त असलेल्या पत्नीचे पतीशी संबंध बिघडले होते. आपल्या मृत्यूनंतर घर सर्वस्वी पतीचे होऊ नये म्हणून तिने सूचनेचे पत्र टपालाने पाठविले. पत्र घरी पोहोचण्यापूर्वीच पतीला हृदयविकाराचा तीव्र झटका आला. आता पती आधी जाण्याचा संभव दिसू लागला, आणि धारणा संयुक्तच राहणे तिच्या हिताचे ठरले. पत्र घरात येऊन पडताच तिने ते नष्ट केले. पतीने ते पाहिलेच नाही. थोड्याच काळात पती वारला व नंतर तीही वारली. सूचना घराच्या पत्त्यावर रीतसर पोहोचली त्या क्षणीच ती लागू झाली, पतीने ती वाचली की नाही हा मुद्दा गैरलागू आहे आणि पत्नीचा नंतर बदललेला विचारही निरुपयोगी आहे, असा निर्णय न्यायालयाने दिला. परिणामी पतीचा अर्धा हिस्सा त्याच्या संपत्तीत गेला. कोण आधी मरेल यावर सारे अवलंबून असलेल्या धारणेत पक्षकार कसे सापडतात, याचे हे उत्तम उदाहरण होय.

४. भारतातील भूमिका

इंग्लंडमध्ये दोघांना एकत्र मालमत्ता दिली व हिश्शांचा उल्लेख केला नाही, तर कायदेशीर मालकीच्या बाबतीत कल संयुक्त धारणेकडे असतो. भारतात कल नेमका उलट आहे. याचा पाया जोगेश्वर नारायण देव विरुद्ध रामचंद्र दत्त या १८९६ मधील प्रिव्ही कौन्सिलच्या निर्णयाने घातला. एका जमीनदाराने मृत्युपत्रान्वये आपली पत्नी व तिचा पुत्र यांना जमीनदारीचा चार आण्यांचा हिस्सा एकत्रितपणे दिला होता. इंग्रजी पद्धतीने अर्थ लावून ही संयुक्त धारणा समजावी काय, असा प्रश्न होता. अविभक्त कुटुंबातील सहदायकीचा अपवाद वगळता संयुक्त धारणेचे तत्त्व हिंदू कायद्यास परिचित नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने स्पष्ट केले आणि दोघांना स्वतंत्र हिस्से मिळाले असे ठरविले.

त्यातील अपवादही आता जवळजवळ संपला आहे. मिताक्षर पद्धतीच्या सहदायकीत एका सहदायादाचा हक्क मृत्यूनंतर इतर सहदायादांकडे उत्तरजीवित्वाने जात असे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम ६ मध्ये २००५ साली सुधारणा झाली. ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या या सुधारणेनुसार त्यानंतर मृत्यू पावलेल्या हिंदूचा सहदायकी मालमत्तेतील हक्क उत्तरजीवित्वाने न जाता मृत्युपत्राने अथवा वारसाहक्काने जातो. याशिवाय कलम १९ मध्ये असे स्पष्ट म्हटले आहे की, दोन किंवा अधिक वारसांना एकत्र वारसा मिळाल्यास ते मालमत्ता सामाईक धारक म्हणून घेतात, संयुक्त धारक म्हणून नव्हे. म्हणजेच वडिलांचे घर तीन भावंडांना मिळाले व त्यांतील एक वारले, तर त्याचा हिस्सा उरलेल्या दोघांचा न होता त्याच्या स्वतःच्या वारसांचा होतो. मुस्लिम वारसाकायद्यातही प्रत्येक वारसाचा हिस्सा ठरावीक व स्वतंत्रच असतो.

खरेदीने घेतलेल्या मालमत्तेस मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम ४५ लागू होते. या कलमाची रचना सोपी आहे. मोबदला सामाईक निधीतून दिला असेल, तर त्या निधीत ज्याचा जेवढा हक्क तेवढाच त्याचा मालमत्तेत हक्क असतो. मोबदला प्रत्येकाने आपापल्या निधीतून दिला असेल, तर ज्याने जेवढी रक्कम दिली त्या प्रमाणात त्याचा हिस्सा असतो. आणि कोणी किती दिले याविषयी पुरावाच नसेल, तर सर्वांचे हिस्से समान आहेत असे गृहीत धरले जाते. हे सर्व ‘विरुद्ध करार नसल्यास’ लागू आहे. कलमात सर्वत्र हिश्शांचीच भाषा आहे, उत्तरजीवित्वाचा उल्लेख कोठेही नाही. करारनाम्यावर दोन नावे असणे म्हणजे दोन हिस्से असणे होय. एकाच्या पश्चात सर्व दुसऱ्याचे असा त्याचा अर्थ होत नाही.

येथे एक मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. सर्व रक्कम एकानेच दिली आणि दुसऱ्याचे नाव केवळ सोयीसाठी अथवा जिव्हाळ्यापोटी घातले, असा वाद पुढे उपस्थित होऊ शकतो. तेव्हा दुसऱ्यास हिस्सा देण्याचा हेतू होता किंवा नव्हता, हा पुराव्याचा प्रश्न होतो. बँकेतील उतारे, कर्जाचे हप्ते कोणाच्या खात्यातून गेले याची नोंद व करारनाम्यातील शब्दयोजना यांना अशा वादात निर्णायक महत्त्व येते. म्हणून हिश्शांचे प्रमाण करारनाम्यातच लिहून ठेवणे इष्ट असते.

५. एक उदाहरण

पुण्यातील एका हिंदू दांपत्याने ६० लाख रुपयांस सदनिका घेतली असे मानू. पतीने आपल्या बचतीतून व भविष्यनिर्वाह निधीतून ३६ लाख आणि पत्नीने स्वतःच्या वेतनातून व दागिने मोडून २४ लाख रुपये दिले. दोन्ही रकमांचे पुरावे उपलब्ध आहेत. कलम ४५ नुसार पतीचा हिस्सा तीन-पंचमांश आणि पत्नीचा दोन-पंचमांश झाला.

पती मृत्युपत्र न करता वारला. त्याच्या मागे पत्नी, एक मुलगा, एक मुलगी आणि आई आहेत. वडील पूर्वीच वारले आहेत. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे हे चौघेही पहिल्या वर्गातील वारस असून त्यांना समान वाटा मिळतो. पतीच्या तीन-पंचमांशाचे चार भाग केले असता प्रत्येकास ३/२० मिळतात. पत्नीकडे स्वतःचे ८/२० होतेच. त्यात ३/२० मिळून तिचा एकूण हिस्सा ११/२० झाला. मुलगा, मुलगी व सासू यांचा प्रत्येकी ३/२० आहे. सदनिकेची किंमत आता एक कोटी रुपये असेल, तर पत्नीचे ५५ लाख व उरलेल्या तिघांचे प्रत्येकी १५ लाख रुपये होतात. हीच मालमत्ता इंग्रजी अर्थाने संयुक्त धारणेत असती, तर संपूर्ण एक कोटी पत्नीचे झाले असते.

गुंतागुंत येथेच थांबत नाही. काही वर्षांनी सासूही मृत्युपत्र न करता वारली. तिला आणखी एक मुलगा व एक मुलगी, म्हणजे मृत पतीचे भाऊ व बहीण, हयात आहेत. स्त्रीच्या वारसाचा क्रम त्याच अधिनियमाच्या कलम १५ मध्ये निराळा दिला आहे. त्यानुसार प्रथम तिचे मुलगे, मुली व आधी वारलेल्या अपत्यांची मुले हे वारस होतात. आधी वारलेल्या मुलाची विधवा, म्हणजे येथील सून, त्यांत येत नाही. सासूच्या ३/२० हिश्शाचे तीन शाखांत तीन भाग होतात. दिरास १/२० व नणंदेस १/२० मिळतो, आणि मृत पतीच्या शाखेचा १/२० त्याच्या मुलगा-मुलीत विभागून प्रत्येकी १/४० होतो.

अखेरचे चित्र चाळिसांशात मांडल्यास पत्नी २२, मुलगा ७, मुलगी ७, दीर २ व नणंद २ असे होते. दोन मृत्यूंच्या अवधीत दोन नावांच्या घराला पाच मालक झाले. त्यांपैकी दोघांनी या घरासाठी एक पैही दिलेली नाही, आणि मूळ खरेदीच्या वेळी ते मालक होतील अशी कल्पनाही कोणाच्या मनात नव्हती. एक कोटीच्या मूल्यावर त्यांचा वाटा प्रत्येकी पाच लाखांचा आहे. ही रक्कम फार मोठी नसली तरी त्यांच्या सहीवाचून संपूर्ण सदनिका विकता येत नाही, आणि अडचण खरी तेथे असते.

रकमांचा पुरावा नसता तर काय झाले असते, हेही पाहावे. तेव्हा दोघांचे हिस्से समान मानले गेले असते. पतीच्या अर्ध्याचे चार भाग होऊन पत्नीचा हिस्सा अर्धा अधिक एक-अष्टमांश, म्हणजे ५/८ झाला असता. या उदाहरणात पुरावा नसणे पत्नीच्या अधिक सोयीचे ठरते. तिने अधिक रक्कम दिली असती तर उलट झाले असते. म्हणून हिस्सा किती हे गणित पुराव्याच्या कागदांपासून सुरू होते, नातेसंबंधांपासून नव्हे.

६. सहमालकांत मतभेद झाल्यास

सामाईक धारणेतील कोणाही हिस्सेदारास वाटपाचा दावा लावता येतो. सदनिकेचे तुकडे करणे शक्य नसते. अशा वेळी वाटप अधिनियम, १८९३ च्या कलम २ अन्वये न्यायालय मालमत्ता विकून रक्कम वाटण्याचा आदेश देऊ शकते, मात्र तशी मागणी निम्म्या किंवा अधिक हिश्शाच्या मालकांनी करावी लागते. वरील उदाहरणात पत्नीचे २२ चाळिसांश असल्यामुळे इतर चौघे एकत्र आले तरी त्यांचे १८ चाळिसांशच भरतात व त्यांना या कलमाखाली विक्री मागता येत नाही. पतीचा मूळ हिस्सा चार-पंचमांश असता, तर मात्र पत्नीकडे त्याच्या मृत्यूनंतर दोन-पंचमांशच राहिले असते आणि चित्र पालटले असते. तशा प्रसंगीही कलम ३ तिला एक संरक्षण देते : विक्री मागणाऱ्यांचा हिस्सा न्यायालयाने ठरविलेल्या किमतीस स्वतः विकत घेण्याची परवानगी ती मागू शकते.

बहुतेक कुटुंबांत प्रकरण न्यायालयापर्यंत जात नाही. सासू, दीर अथवा नणंद हक्कसोडपत्र करून देतात. परंतु ‘मला काही नको’ असे तोंडी सांगितल्याने किंवा साध्या कागदावर लिहून दिल्याने स्थावर मालमत्तेतील हिस्सा संपत नाही. दस्त रीतसर नोंदवावा लागतो. वरील उदाहरणात सासूच्या हयातीत एकाच व्यक्तीच्या हक्कसोडपत्राने भागले असते. तिच्या पश्चात तिच्या सर्व वारसांकडे जावे लागले, आणि त्यांत अज्ञान मूल असते तर न्यायालयाच्या परवानगीचा प्रश्नही उभा राहिला असता.

७. नामनिर्देशनाविषयी गैरसमज

या विषयातील दुसरी रूढ समजूत नामनिर्देशनाची आहे. गृहनिर्माण संस्थेकडे पत्नीचे नाव नामनिर्देशित आहे, तेव्हा वारसांचा प्रश्न येत नाही, असे सांगितले जाते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये २०१९ च्या सुधारणेने घातलेल्या कलम १५४ब-१३ नुसार सदस्याच्या मृत्यूनंतर संस्थेने त्याचा हिस्सा व हितसंबंध मृत्युपत्र, उत्तराधिकार प्रमाणपत्र, वारस प्रमाणपत्र, वारसांमधील कौटुंबिक व्यवस्थेचा दस्तऐवज अथवा नामनिर्देशन यांच्या आधारे हस्तांतरित करावयाचा असतो. मात्र नामनिर्देशित व्यक्तीस संस्था तात्पुरता सदस्य म्हणून घेते व कायदेशीर वारसांची नावे दाखल होईपर्यंतच ही स्थिती असते. संस्थेला व्यवहारासाठी कोणीतरी समोर असावे, हा नामनिर्देशनाचा हेतू आहे. मालकी ठरविणे हा नव्हे. कंपन्यांच्या भागांबाबतही नामनिर्देशनाने वारसाकायदा बाजूस सरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने शक्ती येजदानी प्रकरणात डिसेंबर २०२३ मध्ये ठरविले आहे.

बँकेतील संयुक्त खात्याचेही असेच आहे. ‘दोघांपैकी कोणीही अथवा हयात असेल तो’ अशी सूचना खात्यावर असेल, तर हयात खातेदारास पैसे देऊन बँक आपल्या जबाबदारीतून मुक्त होते. ती रक्कम वारसांच्या दृष्टीने कोणाची, हा प्रश्न त्या सूचनेने सुटत नाही. उत्तरजीवित्वाचा शब्द तेथे आढळतो, पण तो बँक व खातेदार यांच्यातील व्यवहारापुरता मर्यादित असतो.

८. अपेक्षित परिणाम साधण्याचा मार्ग

हयात जोडीदारास संपूर्ण घर मिळावे अशी दोघांची इच्छा असेल, तर तिच्यासाठी सर्वांत खात्रीचे साधन मृत्युपत्र हे आहे. कलम ४५ मधील ‘विरुद्ध करार’ या शब्दांच्या आधारे खरेदीच्या दस्तातच उत्तरजीवित्वाची स्पष्ट तरतूद लिहिण्याचा प्रयत्न करता येतो. परंतु येथील कायद्याचा कल सामाईक धारणेकडे असल्यामुळे संदिग्ध शब्दांचा अर्थ हिश्शांच्या बाजूनेच लावला जाण्याचा संभव अधिक आहे. ‘संयुक्तपणे’ एवढा एक शब्द त्यासाठी पुरेसा नाही.

मृत्युपत्रात प्रत्येकाने स्वतःचा हिस्सा दुसऱ्यास द्यावा. इतरांच्या हिश्शाविषयी लिहिणे व्यर्थ असते. मृत्युपत्रावर करणाऱ्याची सही व किमान दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक आहेत, आणि लाभ मिळणाऱ्या व्यक्तीस अथवा तिच्या जोडीदारास साक्षीदार करू नये हे पथ्य पाळावे. जोडीदार आधी वारल्यास हिस्सा कोणास द्यावा, याचाही उल्लेख त्यात हवा. कारण लाभार्थी मृत्युपत्रकर्त्याच्या आधी वारल्यास सर्वसाधारणपणे ती देणगी रद्द होते. दोघांचा एकाच अपघातात मृत्यू झाला व आधी कोण गेले हे कळले नाही, तर कलम २१ प्रमाणे वयाने लहान व्यक्ती मागे राहिली असे गृहीत धरले जाते. इंग्लंडच्या १९२५ च्या अधिनियमातही हाच नियम आहे. अशा प्रसंगी केवळ वयातील अंतरावरून संपूर्ण घर एका घराण्याकडून दुसऱ्या घराण्याकडे जाऊ शकते. त्यामुळे पर्यायी लाभार्थ्याचे नाव लिहिणे ही औपचारिकता समजू नये.

वरील उदाहरणातील पतीने असे मृत्युपत्र केले असते, तर त्याचा तीन-पंचमांश थेट पत्नीकडे गेला असता, आणि सासूला, तसेच तिच्यामार्फत दीर व नणंदेला, हिस्सा मिळण्याचा प्रसंगच आला नसता. अर्थात वृद्ध आईची तजवीज करण्याची इच्छा असल्यास तीही त्याच मृत्युपत्रात करता आली असती. सदनिका खंडित न करता तिला हयातभर राहण्याचा हक्क देता येतो.

९. निष्कर्ष

संयुक्त धारणेत मृत्यूने सहमालक कमी होतात, तर सामाईक धारणेत ते सहसा वाढतात. महाराष्ट्रात दोघांच्या नावे खरेदी केलेले घर, विरुद्ध करार नसल्यास, दुसऱ्या प्रकारात मोडते. त्यातील प्रत्येकाचा हिस्सा दिलेल्या रकमेवरून, आणि पुरावा नसल्यास समानतेच्या गृहीतावरून ठरतो. मृत्यूनंतर तो मृत्युपत्राप्रमाणे अथवा मृताच्या धर्मास लागू असलेल्या वारसाकायद्याप्रमाणे जातो. दस्तावरील दुसरे नाव, संस्थेतील नामनिर्देशन किंवा बँकेतील सूचना यांपैकी कशानेही हा क्रम बदलत नाही. तो बदलण्याची इच्छा असलेल्या सहमालकाने आपल्या हयातीत आपल्या हिश्शापुरते मृत्युपत्र करणे आवश्यक ठरते.